डोक्यावरील गजकर्णाचा उपचार चालू असेपर्यंत वर्गात टोपी घालू देण्याबाबत

दिनांक : ८ जुलै २०२५

प्रति,
वर्गशिक्षिका बाई,
इयत्ता तिसरी, प्राथमिक शाळा,
ता. तासगाव, जि. सांगली

विषय : सार्थकला २३ ऑगस्टपर्यंत वर्गात टोपी घालून बसू देण्याबाबत विनंती.

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

सार्थकच्या डोक्याला गजकर्ण झालं आहे. आपल्याकडे काही जण याला नायटा म्हणतात. डोक्याच्या मागच्या बाजूला, भोवऱ्याच्या जरा खाली, दोन ठिकाणी केस तुटून रुपयाएवढे चट्टे पडलेत आणि त्यांवर खपल्या आहेत. २८ जूनला मिरजेच्या त्वचारोग डॉक्टरांनी औषध चालू केलं आहे. आठ आठवडे ते घ्यायचं आहे, म्हणजे २३ ऑगस्टपर्यंत. तेवढे दिवस त्याला वर्गात टोपी घालू द्यावी, एवढीच माझी विनंती आहे. आता का मागते आहे ते सविस्तर लिहिते, कारण शाळेत टोपी चालत नाही हा नियम मला माहीत आहे आणि तो मोडायला मी उगाच सांगणार नाही.

शनिवारी शाळेची आषाढीची दिंडी निघाली तेव्हा आपण पाहिलंच असेल, सार्थक सगळ्यांत पुढं टाळ वाजवत होता. घरी आल्यावरही त्याचं "विठ्ठल विठ्ठल" संपत नव्हतं. गेल्या महिन्याभरात लेकरू इतकं खुललेलं मी पाहिलं नव्हतं. त्याचं कारण मला दुसऱ्या दिवशी कळलं. दिंडीत सगळ्याच मुलांच्या डोक्यावर पांढरी टोपी होती, त्यामुळं त्याचं डोकं कुणाला दिसलं नाही. (ती टोपी मी घरूनच दिली होती. शाळेच्या गठ्ठ्यातली त्यानं घातली नाही, त्याची काळजी नसावी.)

सोमवारी मात्र तो गप्प घरी आला. जेवताना म्हणाला, "आई, बाईंनी हातच्याची वजाबाकी फळ्यावर करायला बोलावलं. मला येत होती, पण मी येत नाही म्हणालो." का, असं विचारल्यावर आधी काही बोलेना. मग म्हणाला, "फळ्याकडं तोंड केलं की सगळ्यांना मागनं दिसतंय."

बाई, हे ऐकून माझा घास घशाखाली उतरला नाही. आपणच मागच्या वर्षी मला सांगितलं होतं की हा मुलगा फळ्याजवळ जायला सगळ्यांच्या आधी हात वर करतो. ती त्याची सवय मोडू नये, म्हणून हे पत्र लिहिते आहे. मधल्या सुट्टीत एकदा कुणीतरी "टकल्या" म्हणालं, असंही त्याच्या बोलण्यात आलं. कोण ते मी विचारलं नाही. मुलं आहेत, त्यांना शिक्षा व्हावी असं मला मुळीच वाटत नाही.

आता आजाराविषयी, कारण आपल्याला बाकीच्या मुलांची काळजी असणार, आणि असायलाच हवी. ही चाई नाही. यात किडाही नसतो. ही बुरशी आहे. ती केसाच्या आत आणि केसाच्या मुळाशी जाते, म्हणून केस मुळापाशी तुटतात आणि म्हणूनच वरून मलम लावून ती बरी होत नाही. हे मला आधी कळलं असतं तर मे महिना वाया गेला नसता. पहिला चट्टा दिसला तेव्हा सासूबाईंनी खोबरेल तेलात कापूर घालून लावला. मग मी औषधाच्या दुकानातून मागूनच एक ट्यूब आणली. ती लावल्यावर खाज दोन दिवसांत कमी झाली आणि मला वाटलं बरं होतंय, पण चट्टा पसरत गेला. डॉक्टरांनी ट्यूब पाहून सांगितलं, यात स्टेरॉइड आहे, त्यानं खाज आणि लाली दबते पण बुरशी आत वाढतच राहते. चूक माझीच झाली. मानेच्या मागं गाठी आल्या, त्या हाताला लागल्या, तेव्हा मी घाबरले आणि मिरजेला गेले.

तिथं डॉक्टरांनी चट्ट्यावरची खपली खरवडून आणि दोन-चार तुटके केस काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि बुरशीच आहे हे नक्की केलं. आता ग्रिसिओफुल्विनच्या गोळ्या चालू आहेत. त्या रोज रात्री जेवणानंतर, सायीच्या दुधाबरोबर देते, कारण स्निग्ध पदार्थाबरोबर त्या अंगी जास्त लागतात. बुधवारी आणि रविवारी कीटोकोनॅझोलच्या शॅम्पूनं डोकं धुते, पाच मिनिटं फेस तसाच ठेवून. शॅम्पूनं आजार बरा होत नाही, पण डोक्यावरचे बुरशीचे कण कमी होतात आणि दुसऱ्याला लागण्याची शक्यता घटते. घरात आम्ही सगळेच सध्या तोच शॅम्पू वापरतो. धाकटीचं डोकं डॉक्टरांनी भिंग लावून तपासलं, तिला काही नाही.

हे कुठून आलं, हे नक्की सांगता येत नाही. आमच्या कालवडीच्या डोळ्याभोवती उन्हाळ्यात राखाडी खपल्यांचे चट्टे आले होते आणि सार्थक रोज तिच्या मानेला डोकं लावून बसायचा. जनावरांचं गजकर्ण माणसाला होतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्याच सुमारास केसही मशीननं कापले होते, तिथूनही लागू शकतं, असं डॉक्टर म्हणाले. कालवडीवर पशुवैद्यकांकडून इलाज केला आहे, सार्थकला गोठ्यात जाऊ देत नाही. त्याचा कंगवा, टॉवेल, उशीचा अभ्रा वेगळा आहे. अस्वच्छ राहिल्यानं हे झालं, असं कुणाला वाटत असेल तर तेवढं कृपया मनातून काढून टाकावं. रोज अंघोळ करणाऱ्या मुलालाही हे होतं.

औषध चालू झाल्यावर मुलानं शाळेत यायला हरकत नाही, घरी बसवू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. त्यांची चिठ्ठी सोबत जोडली आहे, मुख्याध्यापक सरांनाही दाखवावी. आणखी एक गोष्ट खरी सांगते. टोपी घातलीच पाहिजे, असं डॉक्टर म्हणालेले नाहीत. उपचाराला टोपीची गरज नाही, डोकं उघडं राहिलं तरी चालतं. केस काढून टाकायचीही गरज नाही, असं ते म्हणाले. टोपी मी मागते आहे ती सार्थकच्या मनासाठी. ती घातल्यानं आजार बिघडणार नाही ना, एवढं मी विचारून घेतलं. सुती असावी, घट्ट नसावी, रोज धुतलेली असावी आणि दुसऱ्या कुणी घालू नये, असं ते म्हणाले.

त्याप्रमाणे गणवेशाच्या पँटच्याच निळ्या रंगाच्या दोन सुती टोप्या मी शिवून घेतल्या आहेत. एक घालायची, दुसरी तोवर धुवायची. रोज गरम पाण्यात भिजवून धुते. या पावसात वाळेना झाली तर इस्त्री फिरवते. आत त्याचं नाव लाल दोऱ्यानं घातलं आहे. टोपीवर चित्र नाही, अक्षर नाही, पुढं चोच नाही, त्यामुळं मागच्या मुलाला फळा दिसायला अडचण येणार नाही. ती खुंटीवर किंवा कपाटात बाकीच्यांच्या वस्तूंत ठेवू नये. काढावीच लागली तर त्याच्या दप्तरात एक कापडी पिशवी आहे, त्यात ठेवायला मी शिकवलं आहे. परिपाठाला आणि राष्ट्रगीताला काय करायचं ते आपण ठरवाल तसं. तिथंही चालली तर बरं, कारण परिपाठाला तो रांगेत पुढं असतो आणि मागं सगळी शाळा असते.

दुसरी विनंती त्याच्या जागेची. त्याला दुसऱ्या बाकावरून हलवू नये. शेजारच्या मित्राच्या आईशी मी स्वतः बोलले आहे, डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तिला सांगितलं आहे आणि तिची हरकत नाही. तरीही वर्गात आणखी कुणाच्या डोक्यात केस तुटलेला चट्टा, खपली किंवा न जाणारा कोंडा दिसला तर त्यांच्या पालकांना लवकर दाखवायला सांगावं. लहान मुलांतच हे जास्त होतं. आमच्यासारखा महिना घालवू नये, दुकानातली ट्यूब लावू नये. कुणी पालक माझ्याकडं विचारायला आले तर मी सगळं सांगेन, मला त्यात लपवायचं नाही. मुलांनी एकमेकांचा कंगवा आणि टोपी वापरू नये, एवढं आपण सगळ्या वर्गाला सांगितलंत तर बरं होईल. मात्र ते सार्थकचं नाव न घेता सांगावं.

हे त्याचंच म्हणणं आहे. मी बाईंना पत्र लिहू का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "लिही, पण बाईंनी वर्गात वाचून दाखवायचं नाही." कुणी टोपीबद्दल विचारलं तर "डोक्याला औषध चालू आहे" एवढं सांगायचं, असं आमचं ठरलं आहे. आपणही तेवढंच सांगितलंत तर त्याला आधार वाटेल.

केस बहुतेक पूर्ववत येतील, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे, पण चट्टे भरायला औषध संपल्यावरही काही आठवडे जातील. २३ ऑगस्टच्या सुमारास पुन्हा तपासणी आहे. ते काय म्हणतात ते मी आपल्याला शाळेत येऊन सांगेन. तोवर टोपीची आणखी गरज वाटली तर पुन्हा विचारेन, आपोआप मुदत वाढवून घेणार नाही.

आपली परवानगी असेल तर त्याच्या गृहपाठाच्या वहीत आजच्या तारखेखाली फक्त सही करावी. काही शंका असेल तर मला बोलवावं. सकाळी दहापर्यंत बागेत असते, नंतर केव्हाही येऊ शकते. उद्या टोपी त्याच्या दप्तरातच असेल. आपण हो म्हटल्याशिवाय ती डोक्यावर घालायची नाही, असं मी त्याला बजावलं आहे आणि त्यानं मान डोलावली आहे. जमलं तर, टोपी घातल्यावर पहिल्याच दिवशी त्याला फळ्यावर एक वजाबाकी द्यावी. त्याला येते.

आपली नम्र,
सुनंदा
(सार्थकची आई, इयत्ता तिसरी)

सोबत : डॉक्टरांची चिठ्ठी