पोचा

तांब्याच्या पोटाला एक पोचा होता. आजीचा अंगठा नेमका तिथेच बसायचा.

&nbsp;

पितळी. भांडीबाजारातला. गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव. चिंचेनं घासून घासून उरलं फक्त ‘सौ.’

&nbsp;

पोचा कधी आला?

आजी सांगायची, रामकुंडाच्या पायरीवर निसटला.
आई म्हणते, आजोबांनी भिरकावला होता.

(मला आईचं पटतं. आजी त्या पायऱ्या डोळे मिटून उतरायची.)

&nbsp;

२००८. गोदेला पूर. दुतोंड्या मारुती बुडतोय म्हटल्यावर गहू, गाद्या, कागदपत्रं माळ्यावर चढली.

तांब्या देवळीत राहिला.

&nbsp;

गाळ उपसला. दोन वाट्या सापडल्या, कुणाची तरी एक चप्पल.

&nbsp;

आता स्टीलचा आहे, गुळगुळीत. पाणी पिताना माझाच अंगठा घसरत राहतो.