पडवी: आमचे नवे हाऊस ब्लेंड

आजपासून आमच्याकडील दुधाची प्रत्येक कॉफी 'पडवी' या नव्या ब्लेंडपासून केली जाईल. त्यात चिकमगळूरची धुतलेली अरेबिका ७० टक्के आणि कोडगूची रोबस्टा ३० टक्के आहे. रोबस्टा केवळ स्वस्त पडते म्हणून घातलेली नाही: तिच्यामुळे एस्प्रेसोवर दाट साय धरते आणि दूध घातल्यावरही कॉफीची चव दबत नाही. चिकोरी यात अजिबात नाही.

बिया आम्ही मध्यमहून थोड्या गडद भाजतो आणि दुसरा तडतडाट सुरू होण्याआधी भट्टीतून बाहेर काढतो, त्यामुळे त्यांचा रंग गडद तपकिरी येतो, पण पृष्ठभागावर तेल सुटत नाही. पहिल्या घोटात भाजलेल्या शेंगदाण्याची आणि काळ्या गुळाची चव लागते, मागाहून डार्क चॉकलेटचा कडवटपणा येतो आणि तो जिभेवर बराच वेळ राहतो. आंबटपणा अगदी कमी आहे. ज्यांना कॉफीत फळांचा किंवा फुलांचा गंध हवा असतो, त्यांना हे ब्लेंड सपाट वाटण्याची शक्यता आहे.

याची खरी लज्जत कपुचिनोत आहे. १८ ग्रॅम पुडीतून साधारण २८ सेकंदांत ३६ ग्रॅम एस्प्रेसो काढून त्यावर म्हशीचे नव्हे, तर गाईचे दूध आम्ही वापरतो, कारण म्हशीच्या दुधाच्या स्निग्धतेत गुळाची चव हरवते. कपुचिनो साखर न घालता आधी चाखून पाहावी, अशी विनंती आहे. मग हवी तेवढी घालावी, त्यात कमीपणा नाही. फ्लॅट व्हाइटमध्ये दूध कमी असल्याने कडवटपणा अधिक जाणवतो. कोल्ड कॉफीसाठी तर हे ब्लेंड विशेष चांगले आहे, कारण बर्फ आणि साखर यांच्यापुढेही ते टिकते. पितळी फिल्टरमधून काढलेल्या डिकॉक्शनची कॉफीही उत्तम होते, मात्र चिकोरीची सवय असलेल्यांना ती किंचित पातळ वाटेल.

बिनदुधाची अमेरिकानो मागितल्यास आम्ही आनंदाने देऊ, पण ती गार होऊ लागली की रोबस्टाचा कोरडा, लाकडासारखा कडवटपणा वर येतो, म्हणून ती गरम असतानाच संपवावी. पोअर ओव्हरसाठी हे ब्लेंड आम्ही सुचवत नाही; त्यासाठी निव्वळ अरेबिकाच्या बिया वेगळ्या ठेवल्या आहेत, त्यांची चौकशी काउंटरवर करावी. रोबस्टामध्ये कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असते, त्यामुळे ज्यांची झोप हलकी आहे, त्यांनी संध्याकाळी सहानंतर एकाच शॉटची कॉफी मागावी.

कपुचिनो १८० रुपये, फ्लॅट व्हाइट १९० रुपये, कोल्ड कॉफी २२० रुपये, फिल्टर कॉफी ९० रुपये, अमेरिकानो १४० रुपये. घरी नेण्यासाठी २५० ग्रॅमचे पाकीट ४८० रुपयांना मिळते. त्यावर भाजल्याची तारीख छापलेली असते, आणि आपले यंत्र किंवा फिल्टर कोणता आहे हे सांगितल्यास बिया त्यानुसार दळून दिल्या जातात.