उत्तर

महामार्ग रुंद करताना संगमेश्वराजवळचं जुनं किराणा दुकान पाडलं, तेव्हा माळ्यावरच्या उधारीच्या वह्यांत एक निळं अंतर्देशीय सापडलं. त्या काळी लांबच्या वाड्यांची पत्रं पोस्टमन दुकानातच ठेवायचा. वाडीचं कुणी सामानाला आलं की घेऊन जायचं. हे एक तेवढं वहीत अडकलं. दुकानदाराच्या नातवाने सुमनताईंच्या हातात दिलं. अजून फोडलेलंही नव्हतं.

त्यांनी कडा ओल्या बोटाने भिजवून हलकेच उघडलं. तारीख १२ डिसेंबर १९८२.

'सुमन, संपाला वर्ष होत आलं. खोलीतले निम्मे गावी गेले. खानावळवाल्या मावशी पैसे मागत नाहीत, पण मलाच ताट ओढवत नाही. गिरणी सुरू झाली की आबांकडे तुझा हात मागायला येईन. तोवर थांबशील का? पौष संपेपर्यंत तुझ्या उत्तराची वाट बघतो. नाही आलं, तर नकार समजेन. पुन्हा विचारून तुला घरात अडचणीत आणणार नाही. दत्ताराम.'

मुंबईतल्या अडीच लाख गिरणी कामगारांचा तो संप. त्यातल्या कितीजणांची लग्नं राहिली, मोडली, याचा हिशोब कुणी ठेवला नाही.

दत्तारामची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. तो पुढे रखवालदार झाला, लग्न केलं, दर गणपतीला बायकोसह गावी यायचा. आरतीला समोर आला की सुमनताई मान वळवायच्या. साधी एक ओळही न लिहिता याने तोंड फिरवलं, हाच राग. आणि तोही कधी दोन शब्द बोलला नाही. त्याला वाटत होतं, नकार मिळालाय.

रात्री त्यांनी पत्र नवऱ्यापुढे ठेवलं. अण्णांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"तेव्हा मिळालं असतं तर?"

"हो म्हटलं असतं," सुमनताई म्हणाल्या.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याला कळायला हवं. एवढी वर्षं बिचारा..."

"कळवते. पण सगळं नाही."

सकाळी त्यांनी पोस्टकार्ड आणवलं. पाकीट नको, त्याच्या बायकोच्या हाती पडलं तर तिने बेधडक वाचावं. पहिल्या ओळीला हात थरथरला, दुसरीला नाही.

'दत्ताराम यांस, तुमचं १९८२ चं पत्र मला काल मिळालं. मी उत्तर टाळलं नव्हतं, पत्रच पोचलं नव्हतं. मनात काही ठेवू नका. मीही ठेवत नाही.'

उत्तर काय असतं, ते त्यांनी लिहिलं नाही. ते ऐकून त्याला आता करता येण्याजोगं काही नव्हतं, आणि त्याच्या बायकोने का सोसावं?

खाली थोडी जागा उरली होती. "अहो, तुम्ही काही लिहिता?" त्यांनी विचारलं.

अण्णांनी पेन घेतलं आणि लिहिलं, 'गणपतीला आलात की दोघं जेवायलाच या.'