थकलेल्या बिलांची परिषद : सात दिवसांचे कॅप्शन

समितीतल्या सर्वांसाठी. परिषद शनिवारी, २१ फेब्रुवारी २०२६ ला, चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये. मजकूर रोज सकाळी साडेसातला टाकायचा. ‘भव्य’, ‘दिमाखदार’ हे शब्द कुठेही नकोत. भोसरीतल्या वर्कशॉपवाल्याला त्याच्या अडकलेल्या पैशांबद्दल ऐकायचंय.

शनिवार, ७ दिवस (थेट)
माल वेळेत दिला. बिलही दिलं. पैसे? पुढच्या शनिवारी सकाळी १० ते ५, फक्त याच विषयावर बोलू. लघुउद्योजकांना प्रवेश विनामूल्य.

रविवार, ६ दिवस (माहिती, लांब झाला तरी चालेल, हाच जपून ठेवला जाईल)
एमएसएमईडी कायदा, २००६ काय सांगतो? तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेले असाल, तर लेखी करारातली मुदतही ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. करारच नसेल, तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. व्याज मागायला संकोच वाटतो ना? ते कसं मागायचं, तेही शनिवारी बोलू.

सोमवार, ५ दिवस (गप्पा)
तुमचं सगळ्यात जुनं थकलेलं बिल किती महिन्यांचं? फक्त आकडा लिहा.
(कुणी ग्राहक कंपनीचं नाव लिहिलं तर ते लगेच काढा. पुढची ऑर्डर त्याच कंपनीकडून यायची असते.)

मंगळवार, ४ दिवस (समोरच्या बाजूला)
खरेदी आणि अकाउंट्स सांभाळणाऱ्यांनो, सूक्ष्म-लघु पुरवठादाराचं बिल मुदतीत चुकतं केलं नाही, तर तो खर्च आयकरात प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा होतो. ३१ मार्च जवळ आलाय. तुम्हीही या, आम्हाला तुमची अडचणही ऐकायची आहे.

बुधवार, ३ दिवस (कामाचं)
येताना आणा : उद्यम प्रमाणपत्र, पीओ, सही-शिक्क्याचं चलान, बिलाची प्रत. थकलेल्या बिलाची तक्रार ऑनलाइन कशी नोंदवायची, ते आमच्या टेबलावर बसून करून दाखवू.

गुरुवार, १९ फेब्रुवारी
शिवजयंतीच्या हार्दिक शुभेच्छा.
(एवढंच. ‘२ दिवस बाकी’ नको, लोगो नको, परिषदेचा उल्लेखही नको. महाराजांच्या नावावर आपली जाहिरात करायची नाही, हे माझं ठाम मत आहे. तसंही गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते.)

शुक्रवार, १ दिवस (आपुलकीनं)
उद्या भेटूच. मेट्रोनं येत असाल तर पीसीएमसी स्थानकावर उतरा, पुढे रिक्षा घ्या. साडेनऊपासून चहा तयार आहे. दुकान सांभाळायला कुणी नसेल, तर निदान जेवणानंतरच्या सत्राला या. वकील आणि सीए तेव्हा एकेकाची कागदपत्रं पाहणार आहेत.