विषय: आज माझा शेवटचा दिवस, आभार आणि नवा संपर्क

सर्वांना नमस्कार,

आज जनरल शिफ्ट सुटली की माझं इथलं काम संपेल. मिस्टरांची बदली छत्रपती संभाजीनगरला झाली आहे आणि जूनपासून मुलीची शाळाही तिकडेच सुरू होतेय. प्रत्येकाला जागेवर येऊन भेटायची इच्छा होती. पण तिन्ही पाळ्यांची माणसं एका दिवसात गाठणं जमत नाही, म्हणून हा मेल.

२०१२ मध्ये मी डिस्पॅचला रुजू झाले. गाडी वेळेवर पोचली की ग्राहकाचा कौतुकाचा मेल डिस्पॅचच्या नावाने येतो आणि तो वाचायला मला दरवेळी आवडायचं. पण ते कौतुक खरं तर तुमचं असायचं. शेवटची पेटी पॅक होईपर्यंत मशीन शॉप, क्वालिटी, स्टोअर, अकाउंट्स यांतल्या कुणीतरी आपलं जेवण किंवा घरी जायची वेळ पुढे ढकललेली असायची. हे मी रोज पाहिलंय, आणि आज सगळ्यांसमोर सांगायचं होतं.

३० जून २०१७ ची रात्र मला कायम आठवेल. दुसऱ्या दिवशी जीएसटी लागू होणार होता, जुनी एक्साइजची बिलं बाद होणार होती आणि सकाळी चाकणची गाडी निघायलाच हवी होती. सुजाताताईंनी प्रत्येक पार्टचा एचएसएन कोड स्वतः तपासला. प्रशांतने बिलाचा नवा फॉरमॅट पहाटेपर्यंत बसून चालू करून दिला. सकाळी पहिलं बिल छापून बाहेर आलं तेव्हा आम्ही तिघांनी ते आळीपाळीने हातात घेऊन पाहिलं होतं! त्या रात्री मला कळलं की आपल्याकडे मदत मागावी लागत नाही, माणसं आपणहून थांबतात.

आणि २०२० चा मे महिना. कारखाना पुन्हा सुरू झाला, गाड्या निघू लागल्या, पण रस्त्यावरचे ढाबे बंद. ड्रायव्हर लोक उपाशी चालवत होते. कॅन्टीनच्या मावशींना हे समजलं आणि त्या दिवसापासून प्रत्येक गाडीबरोबर भाकरी, पिठलं आणि ठेच्याची पुडी जायला लागली. गेटवरचे पवारकाका पुडी हातात दिल्याशिवाय गाडी सोडायचे नाहीत. त्यातले काही ड्रायव्हर आजही गाडी लावली की आधी मावशींची चौकशी करतात. मावशी, काका, तुम्हा दोघांना मनापासून नमस्कार.

देशमुख साहेब, डिस्पॅचची जबाबदारी बाईमाणसाला झेपेल का, असा प्रश्न काही जणांनी विचारला होता. तुम्ही त्यावर चर्चा केली नाहीत, सरळ ऑर्डर काढलीत. त्याबद्दल मी कायम तुमची ऋणी राहीन. माझ्या लोडिंगच्या मुलांनो, भर पावसात ताडपत्री ओढताना तुम्ही माल कधी भिजू दिला नाहीत. खंडेनवमीला फोर्कलिफ्ट धुऊन, झेंडूच्या माळा घालून सजवाल तेव्हा मला फोटो नक्की पाठवा.

सोमवारपासून माझं काम नीलेश पाहील. ट्रान्सपोर्टरचे दर, ग्राहकांचे पॅकिंगचे नियम आणि बाकी राहिलेली पीओडी हे सगळं त्याच्याकडे दिलं आहे. ई-वे बिलाचं लॉगिनही त्याच्या नावावर झालंय. तो मन लावून काम करतो. पहिले काही दिवस त्याला जरा हाताशी राहा.

कंपनीचा मोबाइल मी आज जमा करतेय, तेव्हा माझा तो नंबर काढून टाका. यापुढे मी इथे सापडेन:

मोबाइल आणि व्हॉट्सॲप: ५६२०४ ३१८९७
ईमेल: sandhya@patankar-ghar.in

फोन संध्याकाळी सातनंतर केलात तर निवांत बोलता येईल. कामातली एखादी जुनी गोष्ट अडली तर मात्र वेळ बघू नका, केव्हाही करा. घर सिडको एन-६ भागात आहे. वेरूळ-अजिंठ्याला किंवा घृष्णेश्वराच्या दर्शनाला आलात तर जेवायला घरीच यायचं. आदल्या दिवशी फक्त एक मेसेज टाका आणि किती जण आहात ते कळवा. येवला-वैजापूरमार्गे जाणाऱ्या आपल्या ड्रायव्हरदादांनाही हे आमंत्रण आहे, त्यांच्यापर्यंत कृपया पोचवा.

चार वाजता कॅन्टीनमध्ये चहा आणि कोंडाजी चिवडा ठेवला आहे. दुसऱ्या पाळीच्या लोकांनीही पाच मिनिटं काढून यावं.

सर्वांचे मनःपूर्वक आभार.

आपली,
संध्या पाटणकर
डिस्पॅच विभाग, अंबड, नाशिक