मिथेन जाळल्यावर किती उष्णता? निर्मिती एन्थाल्पीचं गणित, पूर्ण सोडवून

कालच्या टेस्टमधलं तिसरं गणित, निम्म्या वर्गाचं चुकलंय म्हणून इथे सगळं टाईप करतोय, वही घेऊन बसा आणि नुसतं वाचू नका, सोबत लिहा.

प्रश्न असा होता:

२४ ग्रॅम मिथेन भरपूर ऑक्सिजनमध्ये पूर्ण जाळला. २९८ K ला (अ) पाणी द्रवरूपात तयार झालं तर आणि (ब) पाणी वाफेच्या रूपात राहिलं तर किती उष्णता बाहेर पडेल? प्रमाण निर्मिती एन्थाल्पी, किलोज्यूल प्रति मोलमध्ये:

CH₄(g) = −७४.८
CO₂(g) = −३९३.५
H₂O(l) = −२८५.८
H₂O(g) = −२४१.८

आधी समीकरण, आणि ते संतुलित करूनच, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे:

CH₄(g) + 2O₂(g) → CO₂(g) + 2H₂O(l)

कंसातली ती (l), (g) अक्षरं शोभेला नाहीत हं, या गणितात अर्धे मार्क त्यांच्यातच आहेत.

बऱ्याच जणांनी पहिल्याच मिनिटाला विचारलं, सर ऑक्सिजनची किंमत दिलीच नाहीये. द्यायची गरजच नाही. निर्मिती एन्थाल्पी म्हणजे एक मोल पदार्थ त्याच्या मूलद्रव्यांपासून, ती मूलद्रव्यं त्यांच्या प्रमाण अवस्थेत असताना, बनवायला होणारा एन्थाल्पीतला बदल. आता O₂ पासून O₂ बनवायचा तर बदल कसला होणार, म्हणून शून्य. पण म्हणून ऑक्सिजन दिसला की शून्य असं पाठ करू नका, ओझोनची किंमत शून्य नाही, कार्बनमध्येही ग्रॅफाइटची शून्य आहे, हिऱ्याची नाही.

आता सूत्र. तुम्हाला पाठ आहेच:

ΔH = (उत्पादितांच्या निर्मिती एन्थाल्पीची बेरीज) − (अभिकारकांच्या निर्मिती एन्थाल्पीची बेरीज)

पण ते उत्पादित वजा अभिकारक असंच का, उलट का नाही, हे विचारलं की सगळे गप्प. असं बघा. मिथेन थेट न जाळता आपण मनातल्या मनात आडवाटेने जाऊ. आधी मिथेन मोडून ग्रॅफाइट आणि हायड्रोजन वेगळे केले. बनताना ७४.८ बाहेर पडले होते, म्हणजे मोडताना तेवढेच आत घालावे लागणार, +७४.८. मग ग्रॅफाइट जाळून CO₂ केला, −३९३.५. मग दोन मोल हायड्रोजन जाळून दोन मोल पाणी, २ × (−२८५.८) = −५७१.६. हेसने १८४० मध्ये हेच सांगितलं, वाट कुठलीही धरा, सुरुवात आणि शेवट तेच असतील तर एकूण उष्णता तीच. अभिकारकाचं चिन्ह उलटतं ते मोडल्यामुळे, सूत्रातला वजा तिथूनच आलाय.

तर आकडे घालू:

ΔH = [−३९३.५ + २ × (−२८५.८)] − [−७४.८ + २ × ०]
= [−३९३.५ − ५७१.६] − [−७४.८]
= −९६५.१ + ७४.८
= −८९०.३ किलोज्यूल

हे एक मोल मिथेनचं. आपल्याकडे २४ ग्रॅम आहे, रेणुवस्तुमान १२ + ४ = १६, म्हणजे २४ ÷ १६ = १.५ मोल.

१.५ × (−८९०.३) = −१३३५.४५, म्हणजे साधारण १३३५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडली.

इथे एक सांगतो, प्रश्न "किती उष्णता बाहेर पडेल" असा आहे, तर उत्तर १३३५ किलोज्यूल, पुढे वजा नको. "बाहेर पडली" म्हटलं की वजाचं काम शब्दानेच केलं. ΔH विचारला असता तर मात्र वजा पाहिजेच, तो नाही दिला तर क्रिया उष्माग्राही आहे असा अर्थ होतो आणि मिथेन जाळून गारवा मिळाला असं तुम्ही लिहून दिलंत.

(ब) साठी सगळं तेच, फक्त पाण्याची किंमत बदलते:

ΔH = [−३९३.५ + २ × (−२४१.८)] − [−७४.८]
= −८७७.१ + ७४.८
= −८०२.३ किलोज्यूल प्रति मोल

१.५ मोलला १२०३.४५, म्हणजे सुमारे १२०३ किलोज्यूल.

आता दोन उत्तरांतला फरक बघा, १३३५.४५ − १२०३.४५ = बरोब्बर १३२. हा गेला कुठे? कुठे नाही गेला, वाफेतच राहिलाय. १.५ मोल मिथेनपासून ३ मोल पाणी होतं आणि २९८ K ला एक मोल पाण्याची वाफ करायला २८५.८ − २४१.८ = ४४ किलोज्यूल लागतात, ३ × ४४ = १३२. जुळलं. मला या गणितातला हाच भाग सगळ्यात आवडतो आणि टेस्टमध्ये एकानेही हा ताळा करून बघितला नव्हता.

आता पेपर तपासताना काय दिसलं ते. चुकीची उत्तरं पण ठरलेलीच असतात, आकडा बघून मला कळतं कोण कुठे घसरलंय.

−१०३९.९ आलं असेल तर वजा वजा अधिक होतो ते विसरलात, ७४.८ पुन्हा वजाच केले. ही चूक सगळ्यात जास्त, एका वहीत तर कंस नीट काढलाय, आतला वजाही लिहिलाय आणि पुढच्याच ओळीत कंस सोडताना तो जसाच्या तसा खाली उतरवलाय.

−६०४.५ आलं असेल तर पाण्याचा २ खाल्लात, समीकरण संतुलित केलं आणि मग त्याच्याकडे बघितलंच नाही. आणि +८९०.३ आलं असेल तर अभिकारकातून उत्पादित वजा केलेत, वाटेची गोष्ट परत वाचा.

एकीने (अ) मध्ये −८०२.३ लिहिलंय, गणित अगदी स्वच्छ, पण तक्त्यातली खालची ओळ उचलली. तिचे मार्क कापताना मलाच वाईट वाटलं, पण कापले.

अजून एक शंका आली होती, मिथेनची −७४.८ ही किंमत मोजली कशी, कार्बन आणि हायड्रोजन एकत्र ठेवून तर सरळ मिथेन बनत नाही. खरंय, तसं धड मोजता येत नाही. उलट मिथेन जाळून येणारी उष्णता कॅलरीमीटरमध्ये मोजतात आणि आपलंच समीकरण उलटं सोडवतात: −९६५.१ − (−८९०.३) = −७४.८. म्हणजे आज आपण ज्या टोकाकडून आलो, तक्ता बनवणारे त्याच्या दुसऱ्या टोकाकडून आले होते.

उद्यासाठी: २२ ग्रॅम प्रोपेन, C₃H₈(g), पूर्ण जाळला आणि पाणी द्रवरूपात मिळालं, प्रोपेनची निर्मिती एन्थाल्पी −१०३.८ घ्या, बाकीच्या किंमती वरच्याच. उत्तर साधारण १११० किलोज्यूल यायला हवं. २२२० आलं तर ग्रॅमचे मोल करायचे राहिलेत.