सव्वासहाची बस

रेवाने काकांना पाठवलेला पहिला फोटो काही फार चांगला नव्हता. मोगऱ्याची कुंडी, तिच्या काठावरून आडवं पसरलेलं एक रोप, मागे वाळत घातलेला टॉवेल आणि खाली ओळ : ‘काका, हे कोणतं झाड? आम्ही लावलेलं नाही. याला फुलं येत नाहीत.’

काका धुळ्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. बांधावरची कुठलीही काडी हातात दिली तरी ते नाव सांगतात, असा त्यांचा घरात लौकिक. त्यामुळे जळगावच्या चौथ्या मजल्यावरच्या त्या गॅलरीत उत्तर मिनिटभरात यायला हरकत नव्हती. आलंही, पण भलतंच.

‘फोटो किती वाजता काढला? आणि तो जरा मोठा करून बघ. उजवीकडच्या शेंड्याशी. मग सांग फुलं येतात की नाही.’

फोटो दुपारी चारचा होता. रेवाने बोटांनी तो ताणला. शेंड्याशी, पानाच्या समोरच, एक छोटासा हिरवा द्रोण होता आणि त्याच्या तोंडाशी चुरगळलेला, ओलसर निळा ठिपका. हे तिने स्वतः टिपलं होतं आणि पाहिलं मात्र नव्हतं. ती उठून गॅलरीत गेली. ठिपका खराच होता. बोट लावलं तर बोटाला चिकटून आला.

तेवढ्यात आजी तुळशीला पाणी घालायला आली. तिने वाकून एकदा पाहिलं. ‘हाऊ ते केना शे! उपटी फेक.’

आजीचा राग जुना. अमळनेरकडच्या कपाशीत तिने उभी हयात निंदणी केली. केना खुरपला आणि तिथेच टाकला, की पावसाच्या पहिल्या सरीला प्रत्येक तुकडा पुन्हा मुळं धरतो. म्हणून तो वेचून बांधावर उन्हात पसरावा लागतो. गॅलरीत तो आला कसा, हेही तिनेच सांगितलं : मोगऱ्यासाठी आणलेली पोतंभर माती त्याच शेतातली.

रेवाने ताबडतोब कळवलं, ‘केना!!!’

‘आईला पैकीच्या पैकी मार्क,’ काकांनी लिहिलं. ‘तुझा पेपर कोराच आहे. ते निळं काय होतं?’

रेवा चिडली, आणि दहा वर्षांच्या मुलीने चिडावं असंच ते होतं. पण काकांनी खाली दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. रोज त्याच जागी उभं राहून, त्याच वेळी, शेजारी पट्टी ठेवून एक फोटो काढायचा. आणि वहीत पानाच्या मधोमध रेघ मारायची : डावीकडे दिसलं ते, उजवीकडे वाटलं ते.

पहिल्याच दिवशी डावीकडे लिहिलं गेलं, ‘रोप खूश आहे.’ काकांचा प्रश्न आला, ‘कशावरून?’ तिने ते खोडून उजवीकडे नेलं. मग बराच वेळ कुंडीपुढे बसून डावीकडे लिहिलं, ‘तीन नवीन पानं. पानाचा देठ खोडाला गुंडाळलाय. तिथे केस आहेत.’ बाबांचं भिंग लावल्यावर पुढे जोडलं, ‘केस तपकिरी-लाल.’ या एका ओळीवर काका फोनवर इतके खूश झाले, की ती गोंधळलीच.

मधले काही दिवस कंटाळवाणे गेले, ते सांगण्यासारखे नाहीत. एकदा फोटो राहिला, एकदा पट्टी शाळेत राहिली. पण एका संध्याकाळी ती सगळे फोटो एकापाठोपाठ सरकवत बसली आणि थांबली. निळा ठिपका जवळजवळ रोज होता, फक्त दर वेळी वेगळ्या द्रोणाच्या तोंडाशी. आणि आडव्या खोडाचं एक पेर आधीच्या फोटोत मातीला नुसतं टेकलेलं होतं. आता तिथून पांढरी मुळं खाली गेली होती.

वहीत उजवीकडे तिने लिहिलं, ‘मला वाटतं फूल सकाळी येतं आणि मी शाळेतून येईपर्यंत संपतं.’

शाळेची बस सव्वासहाला. त्या वेळी कुंडीत पाहावं तर काहीच नाही. दुपारी दीडला परत यावं तर ठिपका. म्हणजे रविवारशिवाय इलाज नव्हता.

रविवारी ती आपणहून उठली, हे आईला आजतागायत खरं वाटत नाही. पाटावर बसून वाट पाहिली. बसची वेळ टळली. आजीचा चहा झाला. एकदा तिला वाटलं की द्रोणातून काहीतरी बाहेर डोकावतंय. ते तिने शहाण्यासारखं उजवीकडे लिहिलं. मग ऊन कठड्यावर आलं आणि थोड्या वेळाने निळं फूल उघडलेलंच होतं. उघडताना नेमकं पाहायचं राहिलं, कारण ती त्या क्षणी दुसऱ्या शेंड्याकडे बघत होती.

वर दोन निळ्या पाकळ्या, खाली तिसरी, अगदी लहान. मध्ये पिवळं काहीतरी. एक बारकी माशी आली, पिवळ्यावर बसली, उडाली. दुपारी बाराच्या सुमाराला पाकळ्या आत ओढल्यासारख्या मिटल्या आणि त्यांचं पाणी झालं.

तिने सगळं फोनवर सांगितलं, तेव्हा काका पहिल्यांदा आपणहून बोलले. फुलात सहा पुंकेसर असतात, पण खरे तीनच. बाकीचे तीन वांझ, पिवळे, किड्यांना भुलवण्यापुरते. आणि पाकळ्यांची गंमत वेगळीच. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने या प्रजातीला ‘कॉमेलिना’ हे नाव दिलं ते डच कॉमेलिन घराण्यावरून. त्यात दोन वनस्पतिशास्त्रज्ञ नावाजले आणि तिसरा काही करून दाखवण्याआधीच वारला, म्हणून दोन पाकळ्या ठसठशीत आणि एक नावापुरती. (लिनियस अशा खोड्या काढायचा. आवडत नसलेल्या माणसाचं नाव तो चिकट तणाला देऊन मोकळा होई.)

‘हे आधी का नाही सांगितलं?’

‘सांगितलं असतं, तर तू तिसरी पाकळी शोधत बसली असतीस. माशी सुटली असती.’

पोळ्याला काका जळगावला आले. आल्या आल्या गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं आणि रेवाला केना मुळासकट सोडवायला लावला, मोगरा न दुखवता. मातीखाली पांढुरक्या बारीक फांद्या निघाल्या. त्यांना फुगीर गाठींसारखं काहीतरी होतं. काका काही बोलले नाहीत. रेवाने एक गाठ नखाने उकलली. आत कोवळं, हिरवट-पांढरं बी.

‘ही मुळं नाहीत,’ ती सावकाश म्हणाली. ‘मुळाला बी कसं येईल?’

‘मग?’

‘फूल असेल. पण मातीत कसं उघडणार?’

‘उघडतच नाही. आतल्या आत फळ धरतं. माशी नको, ऊन नको.’

‘मग वरचं निळं फूल कशाला?’

काकांनी खांदे उडवले. ‘तू काय म्हणतेस?’

‘माशी आली तर दुसऱ्या केन्याचे पराग येतील. नाही आली तर खालचं आहेच.’ मग ती वहीकडे वळली. ‘हे उजवीकडे लिहू ना?’

‘उजवीकडेच. पण मोठ्या अक्षरात लिही.’

आजीने तोवर कोवळे शेंडे खुडून भज्यांसाठी ताटलीत घेतले होते. शेतात शिव्या घातलेल्या केन्याची भजी तिला चालत, हे रेवाला नवीन होतं. तिने ताटलीतला एक शेंडा परत उचलला, कोरड्या बशीत कठड्यावर उन्हात ठेवला आणि शेजारी पट्टी लावून फोटो काढला.

‘काय करी ऱ्हायनी वं?’

‘पाण्याशिवाय किती दिवस टिकतो ते बघते.’

‘हाऊ मरत नही,’ आजी म्हणाली. ‘मी पाह्येल शे.’

‘तुझं तू लिही ना आजी,’ रेवा म्हणाली आणि वहीत दुसरी रेघ मारून तिने आजीसाठी वेगळी रांग केली.